कोण चुकलं हे न लिहिता: दोन सहकाऱ्यांमधल्या मध्यस्थीचं एक टिपण

पार्श्वभूमी

एका मध्यम आकाराच्या कंपनीत लेखा आणि खरेदी हे दोन विभाग एकाच दालनात बसत. कोणाची ओळख पटू नये म्हणून पदं आणि काही तपशील मी बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे. पुरवठादारांची बिलं तपासून पैसे सोडण्याचं काम एका लेखापाल बाईंकडे होतं. माल मागवणं आणि पुरवठादारांशी बोलणं हे खरेदी अधिकारी बघत. दोघं एकाच श्रेणीचे होते, दोघांचे साहेब वेगळे, आणि एकत्र काम सहा वर्षांचं. पूर्वी ते एकमेकांना नावाने हाक मारत, ‘तू’ म्हणत. मी त्यांना भेटले तेव्हा दोघांच्याही बोलण्यात समोरच्याचं फक्त आडनाव येत होतं आणि मेलमध्ये ‘आपण’ अवतरलं होतं. भांडण किती मुरलंय याचा अंदाज घ्यायला ही खूण मला नेहमी उपयोगी पडते.

कामाची रचना थोडी सांगायला हवी, कारण भांडण तिच्यातूनच वाढलं. बिलाचे पैसे सुटायला तीन कागद जुळावे लागतात: खरेदीची ऑर्डर, माल आल्याची गोदामातून निघालेली पावती आणि पुरवठादाराचं बिल. तिन्हींतले नग आणि दर एकमेकांशी जुळले की बिल पुढे सरकतं. त्या महिन्यात पैसे सुटावेत असं वाटत असेल तर बिल २५ तारखेपर्यंत लेखा विभागात पोचायला हवं, असा नियम होता. पावती दोघांच्याही हातात नव्हती. ती गोदामातल्या तिसऱ्याच माणसाने करायची होती.

समस्या

साधारण पाच महिन्यांपासून लेखापाल बाई अपुरी बिलं मेलने परत पाठवत होत्या आणि त्या मेलमध्ये खरेदी अधिकाऱ्यांच्या साहेबांना सीसी करत होत्या. खरेदी अधिकारी महिनाअखेरीला त्यांच्या टेबलापाशी येऊन उभ्याउभ्या बिलाचं विचारत. आवाज वाढे, आजूबाजूचे लोक माना वर करत. एका ३० तारखेला ‘तुम्हाला काम अडवण्यातच रस आहे’ हे वाक्य सगळ्यांच्या कानावर गेलं. त्यावर ‘तुम्हाला नियम लागूच नाहीत वाटतं’ हे उत्तरही गेलं. त्यानंतरचे बारा दिवस दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. निरोप एका शिकाऊ मुलीमार्फत जाऊ लागले. त्या मुलीने तिच्या साहेबांना ‘माझी जागा बदलता येईल का’ असं विचारलं, तेव्हा प्रकरण माझ्यापर्यंत आलं. मी मनुष्यबळ विभागात होते आणि दोघांपैकी कोणाच्याही साहेबांच्या हाताखाली नव्हते.

कोणते पर्याय होते

लेखा विभागाच्या साहेबांना चौकशी हवी होती. ‘कोण चुकतंय ते एकदा कागदावर येऊ दे’ असं ते म्हणाले. खरेदीच्या साहेबांना दोघांच्या जागा लांब करायच्या होत्या. दोघांनाही समोर बसवून चार शब्द सुनवावेत असा तिसरा विचार होता, आणि मध्यस्थी हा चौथा.

चौकशीचा रस्ता मी लगेच सोडला नाही. धमकी, छळ, भेदभाव किंवा पैशाचा गैरव्यवहार असेल तर मध्यस्थी हे चुकीचं साधन ठरतं, कारण तिथे सत्य शोधणं आणि संबंधित व्यक्तीला संरक्षण देणं हे काम आधी येतं. म्हणून दोघांशी स्वतंत्रपणे बोलताना पहिला प्रश्न मी हाच विचारला: यात असं काही आहे का, ज्याची रीतसर तक्रार व्हायला हवी? थोड्या वेगळ्या शब्दांत तो दोनदा विचारला. दोघांनीही नाही म्हटलं. एकाच्या हातात दुसऱ्याची बढती किंवा सुट्टी नव्हती, त्यामुळे दबावाखाली मध्यस्थीला ‘हो’ म्हटलं जाण्याचा धोकाही कमी होता. जागा बदलून काही साधलं नसतं, कारण बिलं तशीच येत राहिली असती. एवढं पाहून मध्यस्थी ठरली.

पहिला महत्त्वाचा निर्णय इथे झाला. दोन्ही साहेबांना मी आधीच सांगितलं की बैठकीत कोण काय बोललं ते तुम्हाला कळणार नाही. शेवटी जे ठरेल त्यातला किती भाग तुमच्यापर्यंत येईल, तेही ते दोघंच ठरवतील. लेखा विभागाच्या साहेबांनी हे नाखुशीने मान्य केलं. त्यांचा होकार नसता तर मी बैठक घेतलीच नसती, कारण आपलं बोलणं वर जाणार आहे असं वाटलं की माणूस समोरच्याशी बोलत नाही, साहेबांना ऐकू जावं असं बोलतो.

काय केलं

दोघांशी प्रत्येकी पाऊण तास स्वतंत्र बोलणं झालं. लेखापाल बाईंच्या म्हणण्याचा गाभा असा होता: अपुऱ्या कागदांवर पैसे सुटले तर लेखापरीक्षणात उत्तर मला द्यावं लागतं, आणि तोंडी सांगितलेलं नंतर कोणी कबूल करत नाही, म्हणून मी लेखी ठेवते. खरेदी अधिकारी म्हणाले: पुरवठादाराला मी शब्द दिलेला असतो, पैसे थकले की पुढचा माल अडतो, आणि माझी बाजू न विचारताच माझ्या साहेबांकडे माझी तक्रार पोचलेली असते. दोघांनाही मी एकच प्रश्न विचारला: पुढच्या महिनाअखेरीला समोरच्याने नेमकं काय केलं तर तुमचा दिवस बरा जाईल? बाई म्हणाल्या, ‘अकराच्या आत सांगावं, पाच वाजता नको.’ ते म्हणाले, ‘आधी फोन करावा, मग मेल.’ पुढे बैठकीत ठरलेल्या गोष्टींच्या लेखी टिपणात जे उतरलं त्यातलं निम्मं इथेच मिळालं होतं.

एकत्र बैठक तिसऱ्या दिवशी झाली, दोन तास. पहिला अर्धा तास जड गेला. मग खरेदी अधिकाऱ्यांनी सांगितलं की त्यातली एक सीसी केलेली मेल त्यांच्या वार्षिक मूल्यमापनाच्या आठवड्यात आली होती. बाईंना हे माहीत नव्हतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, सगळ्यांसमोर ‘काम अडवण्यात रस’ हे ऐकून त्या दिवशी मी जिन्यात जाऊन उभी राहिले होते. हे खरेदी अधिकाऱ्यांना माहीत नव्हतं. इथे मी दहा मिनिटांची सुट्टी घेतली. अशा क्षणी मध्यस्थाने घाईने ‘बघा, दोघांचाही हेतू चांगला होता’ म्हटलं तर ऐकलेलं आत उतरायला वेळच मिळत नाही.

सुट्टीनंतर बोलणं आपोआप कामाकडे वळलं आणि एक गोष्ट उघड झाली. परत गेलेल्या बहुतेक बिलांत अडलेला कागद एकच होता: गोदामाची पावती. दोघांच्याही चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं, आणि मला तिथे धोका जाणवला. तिसऱ्यावर दोष टाकून दोघांचं जुळणं फार सोपं असतं. तो माणूस खोलीत नव्हता आणि त्याची बाजू कोणी ऐकलेली नव्हती. म्हणून आम्ही ठरवलं की टिपणात गोदामाचा उल्लेखच येणार नाही. पावतीला उशीर का होतो, हा कामाच्या पद्धतीचा प्रश्न म्हणून दोन्ही साहेबांकडे वेगळा मांडायचा.

टिपण लिहिताना

या कामात सगळ्यात जास्त वेळ मी टिपणावर घालवला. पहिला मसुदा माझाच होता आणि तो वाईट होता. त्यातलं एक वाक्य असं: ‘खरेदी अधिकारी यापुढे लेखापालांच्या टेबलापाशी येऊन आवाज चढवणार नाहीत.’ वाचणाऱ्याला लगेच कळतं की ते आवाज चढवत होते. ‘यापुढे’ या एका शब्दात मागचा सगळा निकाल बसलेला आहे. ‘पुन्हा’, ‘तरीही’, ‘निदान’ आणि वाक्याच्या शेवटी येणारं ‘नाहीत’ ही सगळी त्याच जातीची मंडळी. दुसरं वाक्य होतं: ‘दोघं एकमेकांशी व्यावसायिक आणि आदराने वागतील.’ यात दोष कोणालाच दिलेला नाही, पण ठरलेलंही काही नाही. सहा आठवड्यांनी ‘आदराने वागलात का’ असं विचारलं तर दोघंही स्वतःबद्दल हो म्हणतील आणि समोरच्याबद्दल नाही.

मग मी प्रत्येक ओळीला दोन कसोट्या लावल्या. ही ओळ मागचं काहीच माहीत नसलेल्या माणसाने वाचली, तर कोण चुकलं होतं हे त्याला ओळखता येईल का? ओळखता आलं तर ओळ बदलायची. आणि या ओळीत लिहिलेलं घडलं की नाही, हे दालनात बसलेल्या कोणालाही डोळ्यांनी सांगता येईल का? सांगता आलं नाही, तरीही ओळ बदलायची. आवाजाची ओळ अशी बदलली की कामाबद्दलचा मतभेद दोघंही छोट्या खोलीत बोलतील. आवाज हा शब्दच गेला, जागा आली, आणि बंधन दोघांवर सारखं आलं.

माफीचा प्रश्नही आला. बैठकीच्या शेवटी दोघांनी एकमेकांना जे म्हणायचं ते म्हटलं होतं. खरेदी अधिकाऱ्यांना ते कागदावर हवं होतं. मी नको म्हटलं. लिहिलेली माफी काही महिन्यांनी कबुलीजबाब म्हणून वाचली जाते, आणि मग पुढच्या वेळी कोणी माफी मागायला धजत नाही. ते पटायला त्यांना एक दिवस लागला.

आणखी एका गोष्टीवर मी अडून राहिले. ‘त्यांनी आधी फोन केला तर मी सकाळी कळवेन’ अशी अटीची रचना टाळली. एकाचं पाळणं दुसऱ्याच्या पाळण्यावर टांगलं की पहिल्याच चुकीला सगळं एकदम कोसळतं. प्रत्येक ओळ आपापल्या पायावर उभी राहील अशी लिहिली. शेवटचं टिपण एका पानाचं झालं:

मध्यस्थी बैठकीचं टिपण

उपस्थित: लेखापाल, खरेदी अधिकारी, मध्यस्थ. दोघांचाही सहभाग स्वेच्छेने. बिलांच्या कामात एकमेकांशी संपर्क कसा ठेवायचा, हे दोघांनी मिळून ठरवलं त्याची ही नोंद आहे. आधी घडलेल्या गोष्टींबद्दल हे टिपण कोणताही निष्कर्ष काढत नाही.

दोघांनाही महत्त्वाचं वाटतं: पुरवठादाराला दिलेला शब्द पाळता यावा, हिशेबातली नोंद कागदाला धरून असावी, आणि अडचण आली तर आधी आपसात बोलायची संधी मिळावी.

१. बिलात काही कमी असल्यास लेखापाल खरेदी अधिकाऱ्यांना फोन करतील किंवा भेटून सांगतील, आणि त्याच दिवशी तेवढाच मजकूर मेलने फक्त त्यांना पाठवतील.

२. तातडीच्या बिलाबद्दल खरेदी अधिकारी सकाळी ११ पर्यंत बिल क्रमांक आणि तातडीचं कारण मेलने कळवतील. लेखापाल दुपारी ४ पर्यंत तीनपैकी एक उत्तर देतील: आज होईल, अमुक तारखेला होईल, किंवा अमुक कागद हवा.

३. एका कामाच्या दिवसात मार्ग निघाला नाही तर दोघांपैकी कोणीही विषय वरिष्ठांकडे नेऊ शकेल. नेण्याआधी दुसऱ्याला तसं सांगेल. मेलमध्ये बिल क्रमांक आणि अडलेला मुद्दा एवढंच असेल.

४. कामाबद्दलचा मतभेद दोघंही छोट्या खोलीत बोलतील. कोणालाही थांबावंसं वाटलं तर ‘थोड्या वेळाने बोलू’ म्हणून वेळ ठरवता येईल आणि दुसरा ते मान्य करेल.

५. ठरल्यासारखं झालं नाही असं वाटल्यास दोन कामाच्या दिवसांत थेट एकमेकांना सांगतील. तेवढ्याने भागलं नाही तर मध्यस्थाला कळवतील.

पाठपुरावा: दोन आठवडे, सहा आठवडे आणि तीन महिन्यांनी, प्रत्येक वेळी अर्धा तास, तिघं एकत्र. 

प्रती: दोघांकडे आणि मध्यस्थाकडे. वरिष्ठांना फक्त मुद्दे १ ते ३ आणि पाठपुराव्याच्या तारखा कळवल्या जातील.

मुद्दा ३ बाईंसाठी फार मोलाचा होता. वरिष्ठांना कळवायचंच नाही असं लिहिलं असतं तर त्यांच्या हातातलं एकमेव संरक्षण गेलं असतं आणि त्यांनी सही केली नसती. मसुदा मी मोठ्याने वाचून दाखवला, मग एक रात्र दोघांकडे ठेवला. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून तीन शब्द बदलले आणि सही केली. बैठकीतल्या माझ्या हातच्या नोंदी मी त्या दोघांना सांगून फाडून टाकल्या.

परिणाम

दोन आठवड्यांच्या भेटीत सांगण्यासारखं थोडंच होतं, कारण मधे महिनाअखेर आलीच नव्हती. खरी परीक्षा त्यानंतर झाली. २९ तारखेला एका बिलाची मेल खरेदी अधिकाऱ्यांच्या साहेबांना सीसी होऊन गेली. खरेदी अधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी छोट्या खोलीत विषय काढला. बाईंनी जुन्याच मेलवर उत्तर देताना सगळी नावं तशीच राहून गेली होती. हे मला सहा आठवड्यांच्या भेटीत कळलं, तोवर त्यांचं ते मिटलेलंही होतं. मुद्दा ५ नसता तर ती मेल जुन्या हिशेबात जमा झाली असती, असं मला वाटतं.

या भेटींत मी फक्त मुद्द्यांवरूनच प्रश्न विचारले. अकराची वेळ जमते का? चारच्या उत्तराचं काय होतं? ‘आता संबंध कसे आहेत’ हा प्रश्न मी जाणूनबुजून टाळला, कारण त्याचं उत्तर देताना माणूस समोरच्याला गुण देऊ लागतो. सहा आठवड्यांच्या भेटीत एक बदल झाला. महिनाअखेरचे शेवटचे तीन दिवस अकराऐवजी दहाची वेळ ठरली. ही सूचना खरेदी अधिकाऱ्यांची होती.

तीन महिन्यांनी शिकाऊ मुलीमार्फत जाणारे निरोप बंद झाले होते. अपुरी बिलं अजून येत होती, कारण गोदामाच्या पावतीचा प्रश्न साहेबांनी तेव्हा नुकताच हातात घेतला होता. दोघं एकमेकांना अजून ‘तुम्ही’ म्हणत होते. मी त्याबद्दल काही विचारलं नाही. सहा वर्षांची मैत्री परत आणण्याचा शब्द त्या टिपणात कोणी दिलेला नव्हता.

काय वेगळं करता आलं असतं

गोदामाच्या पावतीचा विषय बैठकीच्या आधी शोधायला हवा होता. मागच्या तीन महिन्यांची परत गेलेली बिलं आणि त्यांची कारणं मागवली असती तर एका दुपारीत दिसलं असतं. तसं झालं असतं तर पावतीचं काम त्याच आठवड्यात सुरू झालं असतं, आणि या दोघांना आपल्या चांगल्या वागण्याच्या जोरावर एक बिघडलेली पद्धत तीन महिने ओढत न्यावी लागली नसती.

पहिली पाठपुरावा भेट मी कॅलेंडर बघून ठेवली, काम बघून नाही. या कामाचा ताण महिनाअखेरीला असतो, तर पहिली भेट पहिल्या महिनाअखेरीनंतर दोन-तीन दिवसांत असायला हवी होती.

शिकाऊ मुलीशी मी शेवटपर्यंत बोलले नाही, याची मला अजून टोचणी आहे. मिटवामिटव दोघांची झाली, पण मधे भरडली गेली ती. बैठकीतलं काही न सांगताही ‘निरोप पोचवणं हे आता तुझं काम नाही’ एवढं तिला सांगता आलं असतं.

आणि टिपणाला मी मुदत घातली नव्हती. आठ महिन्यांनी खरेदी विभागात नवे साहेब आले. मुद्दे १ ते ३ ची मेल त्यांना जुन्या पत्रव्यवहारात सापडली आणि ‘यांच्यात काय झालं होतं’ असं त्यांनी मला विचारलं. कागदात दोष कोणाचाच नव्हता, पण असा कागद आहे एवढंच कळल्यावर त्यांच्या मनात दोघांबद्दल प्रश्न उभा राहिला होता. तेव्हापासून प्रतींच्या ओळीखाली मी आणखी एक ओळ लिहिते: शेवटच्या पाठपुरावा भेटीत दोघांची संमती असल्यास हे टिपण संपलं असं मानलं जाईल, तिन्ही प्रती नष्ट केल्या जातील, आणि वरिष्ठांना ‘विषय बंद’ एवढंच कळवलं जाईल.